घरचा व्यवहार : वडील भावास लिहिलेलें अधिकारपत्र

धाकटा भाऊ टोरोंटोस, त्याची सदनिका पुण्यास कोथरुडांत, आणि तिचा कारभार पाहणारे दादा तेथून चार गल्ल्यांवर राहणारे. अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत आतां थोडीं नाहींत. ज्यांना पत्राच्या आरंभीं ‘तीर्थस्वरूप दादांस शि. सा. नमस्कार’ लिहावयाचें, त्यांनाच ‘इतक्याहून अधिक खर्च विचारल्यावांचून करूं नये’ असें कसें लिहावें? या संकोचामुळें बहुतेक जण ‘आपण योग्य तें करावें’ एवढेंच लिहून मोकळे होतात, आणि पुढें मनें दुखावतात तीं या चार शब्दांवरूनच.

यास सोपा उपाय असा कीं, पत्रें दोन लिहावीं. एक घरगुती, नात्याला शोभेल असें. दुसरें कोरडें व नेमकें. तें भाडेकऱ्यास आणि सोसायटीच्या चिटणीसांस दाखवावयाचें. दुसऱ्याचा मजकूर साधारण असा असावा :

“मी अमुक, सदनिका क्रमांक अमुक हिचा मालक, टोरोंटो येथें राहत असून आयकराच्या दृष्टीनें अनिवासी आहें. माझे वडील बंधु श्री. अमुक यांस ता. १ जूनपासून बारा महिने पुढील अधिकार देत आहें. किल्ल्यांचे तीन जोड त्यांच्या ताब्यांत राहतील. भाडेकऱ्यास दोन देऊन त्यांची पोंच घ्यावी. एका वेळीं १०,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्यांनीं स्वतःच्या विचारानें करावी. त्याहून अधिक खर्चास माझी लेखी संमति लागेल. भाडें दरमहा ५ तारखेपर्यंत माझ्या अनिवासी खात्यांत परस्पर जमा व्हावें. तें न आल्यास मागणी करण्याचा अधिकार त्यांस आहे. सदनिका विकण्याचा, गहाण टाकण्याचा वा भाडें कमी करण्याचा अधिकार या पत्रानें दिलेला नाहीं.”

यांतील ‘अनिवासी’ हा शब्द वगळूं नये. अनिवासी मालकास भाडें देतांना त्यांतून आयकर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी भाडेकऱ्याची असते. रोजचा व्यवहार दादांशीं असल्यामुळें मालक येथलाच असावा असें भाडेकरू समजतो व पुरें भाडें देत राहतो. पुढें कराची मागणी त्याच्यावर येते आणि तंटा उभा राहतो.

आतां दुरुस्तीचा प्रसंग घ्या. श्रावणांत सकाळीं नऊ वाजतां खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून पाणी ठिबकूं लागलें. टोरोंटोस त्या वेळीं आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले, भाऊ झोंपलेला. प्लंबर म्हणतो, न्हाणीघराची फरशी उखडून नळ बदलावा लागेल, खर्च १८,००० रुपये. दादांनीं काय करावें? पाण्याची तोटी बंद करवावी, गळती थांबण्यापुरतें तीन-चार हजारांचें काम लागलीच करून घ्यावें, छायाचित्रें व लेखी अंदाज भावाकडे पाठवावा, आणि उरलेल्या कामास त्याच्या होकाराची वाट पाहावी. तेवढ्यानें गळती न थांबली तर? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं शहाणा मनुष्य स्वतःच्या घराकरितां जें करील तें आणीबाणींत प्रतिनिधीस करतां येतें. परंतु फरशी कोणत्या रंगाची बसवावी, ही आणीबाणी नव्हे.

या साध्या पत्राची मर्यादाहि ओळखली पाहिजे. जुना भाडेकरू गेला, नवा आला, म्हणजे नवा करार आला. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें असा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो. मालकाच्या वतीनें त्यावर सही करून तो नोंदविण्यास हें पत्र पुरत नाहीं. त्यास रीतसर मुखत्यारपत्र हवें. परदेशीं राहणाऱ्यानें तें तेथील भारतीय वकिलातींत किंवा नोटरीसमोर सही करून प्रमाणित करून घ्यावें, आणि तें महाराष्ट्रांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत येथील मुद्रांक शुल्क भरावें. हें काम भाडेकरू दाराशीं उभा राहिल्यावर होत नाहीं. पत्राबरोबरच उरकून ठेवावें.

शेवटची गोष्ट अधिकार काढून घेण्याची. दादांचें वय झालें आणि पुढें कारभार पुतणीकडे द्यावयाचा ठरला, तर दादांनीं आपण होऊन पत्र तिच्या हातीं देऊन भागत नाहीं. प्रतिनिधीस आपला अधिकार सहसा दुसऱ्यास देतां येत नाहीं. भावानें तिच्या नांवें नवें पत्र लिहावें आणि जुनें रद्द झाल्याचें भाडेकऱ्यास व सोसायटीस स्वतः कळवावें. जोंपर्यंत त्यांस तें कळलेलें नाहीं, तोंपर्यंत दादांशीं त्यांनीं केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक राहतो. त्याच दिवशीं किल्ल्यांचे जोड मोजावे, हिशोबाच्या वहींत शेवटची बाकी मांडून दोघांनीं सह्या कराव्या. मालकानें मागितल्यास हिशोब देणें हें प्रतिनिधीचें कर्तव्यच आहे. पण दर तिमाहीस तो न मागतां येत गेला, तर धाकट्यास मागण्याचा संकोच नाहीं आणि वडिलांस अविश्वासाची शंका नाहीं.