भोर-वेल्ह्यात भातकापणीची मजुरी वाढली, तर यंत्र कधी परवडतं?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे इंद्रायणी भात कापणीला येतो आणि नेमकी तेव्हाच माणसं मिळत नाहीत. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत बारमाही काम असेल, तर चार दिवसांच्या कापणीसाठी कोण थांबणार? मग मजुरी वाढते. पण मजुरी वाढली की शेतकरी लगेच यंत्राकडे वळतो का?

एक एकर भात कापून झोडायचा आहे, असं धरू. समजण्यापुरते आकडे घेऊ. सगळं हातानं केलं तर 16 मजूर-दिवस लागतात. कापणी विळ्यानं आणि मळणी यंत्रानं केली, तर 10 मजूर आणि 3 यंत्र-तास. कापणीही यंत्रानं केली, तर 7 मजूर आणि 6 तास. तिन्ही वाटांनी भात तेवढाच घरी येतो. आलेखावर हे तीन बिंदू जोडले की होतो समउत्पादन वक्र.

आता यंत्राचं भाडं तासाला 700 रुपये धरू. मजुरी 300 असताना हाताचं काम 4,800 रुपयांत होतं, फक्त मळणी यंत्र घेतलं तर 5,100 आणि दोन्ही यंत्रं घेतली तर 6,300. म्हणजे विळाच स्वस्त. मजुरी 500 झाली की हेच आकडे 8,000, 7,100 आणि 7,700 होतात. आता मळणी यंत्र आणायचं, कापणी मात्र हातानंच.

हे असं का, ते समखर्च रेषा सांगते. तेवढ्याच पैशांत मजूर आणि यंत्र यांच्या कोणकोणत्या जोड्या मिळतात, ते ती दाखवते. मजुरी 500 असताना एका यंत्र-तासाच्या पैशांत 1.4 मजूर मिळतात. मळणी यंत्राचा प्रत्येक तास 2 मजूर वाचवतो, म्हणून ते परवडतं. कापणी यंत्राचा तास एकच मजूर वाचवतो, म्हणून ते परवडत नाही. मजुरी वाढते तशी उभ्या अक्षावर मजूर असलेल्या आलेखात ही रेषा आडवी होत जाते आणि वक्राच्या पुढच्या कोपऱ्याला टेकते.

मला यातली मधली जागा सगळ्यात रंजक वाटते. या हिशोबात पहिला बदल 350 रुपयांना होतो आणि दुसरा थेट 700 ला. मधल्या सगळ्या वाढीत शेतकरी पद्धत बदलत नाही, फक्त जास्त पैसे मोजतो. तेव्हा ‘मजुरी वाढूनही यंत्र घेत नाहीत’ म्हणून त्याला जुनाट ठरवण्यात अर्थ नाही.

इर्जिकीनं काम होत असेल तर रोख मजुरी शून्य दिसते. पण तेवढे दिवस दुसऱ्याच्या खाचरात परत द्यावे लागतात, तेही हिशोबात धरायला हवेत.

शिवाय वक्र दरवर्षी एकसारखा राहत नाही. परतीच्या पावसानं भात आडवा पडला की कापणी यंत्र अडखळतं, दाणे गळतात आणि तेवढाच भात घरी आणायला तास वाढतात. मग मजुरी 700 च्या वर गेली तरी विळाच हातात घ्यावा लागतो. उतारावरच्या लहान खाचरांत तर यंत्र एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उचलून नेण्यातच वेळ जातो, आणि भाडं तासावर असेल तर तो वेळही बिलात येतो.