मातीला न पोहोचलेल्यांच्या घरी

आपल्या बीडकडे मातीला जाऊन आलेल्या माणसाला नंतर भेटायला गेल्यावर फारसं बोलावं लागत नाही. शेजारी बसलं तरी पुरतं, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. घरच्यांनीच काही पाहिलं नसेल, तर मात्र भेटायला आलेल्याची पंचाईत होते.

एप्रिल 2021 मध्ये अंबाजोगाईत हेच झालं. नेहमीच्या स्मशानभूमीत कोरोनाने गेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला विरोध झाला, म्हणून नगरपालिकेने मांडवा रस्त्यावर तात्पुरती जागा केली. ती अपुरी पडली आणि आठ जणांना एकाच चितेवर ठेवावं लागलं. त्याच महिन्याच्या 25 तारखेला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह नेले. त्या घरांतल्या अनेकांना ना तोंड बघायला मिळालं, ना राख सावडायला.

अशा घरी दोन चुका हमखास होतात. पहिली गतीची. कुणी जाणता म्हातारा ओसरीवर सांगतो, ‘‘विधी झाला नाही, आत्मा अडकला असेल, पुतळा करून जाळा.’’ पळसाच्या तीनशेसाठ देठांचा तो पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, हा विधी खराच आहे. पण देह हाती लागलाच नाही, अशा वेळचा. इथे देहाला अग्नी मिळाला होता, मग तो घरच्यांनी दिलेला नसेना का. शिवाय लांब राहणाऱ्या मुलाला आई-बापाच्या मरणाची खबर उशिरा कळली, तर कळल्या दिवसापासून दहा दिवस सुतक धरायला शास्त्र सांगतं. राहून गेलेलं नंतर करता येतं, हे त्यातच आलं.

दुसरी चूक हुशारीची. केंद्राच्या मार्च 2020 च्या सूचनांत कर्मचाऱ्याने पिशवीची तोंडाकडची चेन उघडून चेहरा दाखवायला मुभा होती आणि राखेपासून धोका नाही, असंही लिहिलं होतं. हे खरं आहे. पण आज ते अशा घरातल्या एखाद्या बाईला ऐकवलं, तर तिच्या पदरात काय पडतं? ‘‘मी हट्ट धरायला हवा होता,’’ एवढंच. नियम कागदावर होता आणि त्या दिवशी बावीस जण एका गाडीत होते. तिने विचारलं तरच नियम सांगावा, आणि त्या दिवशीची ही परिस्थितीही सोबत सांगावी.

माझं मत असं, की या घरांना ‘‘देवाची मर्जी’’ नको असते, तपशील हवा असतो. अंगावर कोणतं कापड होतं, लाकडं पुरली का, अग्नी देणारा कोण, कुणी हात जोडले का. त्या दिवशी तिथे काम केलेला पालिकेचा किंवा रुग्णवाहिकेवरचा माणूस तुमच्या ओळखीचा असेल, तर भेटायला जाताना त्याला आधी विचारून त्यालाच सोबत न्या. आठवत नसेल ते ‘‘आठवत नाही’’ म्हणूनच सांगू दे.