स्वप्न खरे, पण साक्ष चंद्राची

शाबान महिन्याची एकोणतिसावी संध्याकाळ. चंद्र दिसला नाही. त्या रात्री एकाच्या स्वप्नात प्रेषित मुहंमद (स.) आले आणि म्हणाले, 'उद्यापासून रमजान.' मग त्याने रोजा धरावा का?

तेराव्या शतकातील सीरियाचे इमाम नववी यांचे उत्तर 'नाही' असे आहे. प्रेषितांचे स्वप्नदर्शन खरे असते, हे त्यांना मान्यच होते. पण झोपेत ऐकलेले माणसाच्या नेमके ध्यानात राहीलच असे नाही, म्हणून त्याची साक्ष धरता येत नाही. चंद्र जागेपणीच पाहायला हवा. नाही दिसला तर शाबानचे तीस दिवस पूर्ण करावेत.

स्वप्नाने दिलासा मिळेल, सत्कर्माची ओढ लागेल. धर्माचा हुकूम मात्र त्यावर ठरत नाही. 'मला स्वप्नात आदेश झाला' म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.