ट्रक कधी सुटला?

फ्लोरिडातल्या सेन्सरमॅटिक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीवर अमेरिकेच्या रोखे आयोगाने 1998 साली कारवाई केली. दुकानांतल्या चोऱ्या पकडणारी यंत्रे बनवणारी ही कंपनी. तिमाही संपत आली आणि विक्रीचे उद्दिष्ट अजून गाठलेले नसले, की तिथे मालाच्या पाठवणीची नोंद करणाऱ्या संगणकाचे घड्याळच मागे नेले जाई. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाहेर पडणाऱ्या खोक्यांवरही मग सरत्या तिमाहीची तारीख पडे. बिलाची तारीख आणि पाठवणीची तारीख यांचा मेळ बसे, कारण दोन्ही त्याच घड्याळातून आलेल्या असत.

विक्रीच्या ‘कट-ऑफ’ची तपासणी का आणि कशी करायची, हे या एका प्रकारातून उमजते. 31 मार्चपर्यंतची विक्री या वर्षाची, त्यानंतरची पुढच्या वर्षाची. एवढा साधा हा प्रश्न. ऑडिटच्या फायलींत त्यासाठी एक ठरलेला कागद असतो: वर्षअखेरची दहा बिले, त्यांच्यापुढे चलनाच्या तारखा आणि शेवटच्या रकान्यात बरोबरच्या खुणा. असे बरेचसे कागद म्हणजे कंपनीने स्वतः छापलेल्या दोन दस्तऐवजांची आपसातली ओळखपरेड असते, त्यापलीकडे काही नाही. लेखापरीक्षण मानक 240 विक्रीच्या नोंदींत लबाडीचा धोका आहेच, असे गृहीत धरायला सांगते. मग पुरावाही लबाडी करू शकणाऱ्याच्या हाताबाहेरचा असायला हवा.

तपासणी नीट केली तर तिच्यातून काय निघते, हे एका कल्पित पण ओळखीच्या वाटेल अशा उदाहरणाने पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत साठ कोटींच्या उलाढालीची एक फाउंड्री आहे, असे समजा. कास्टिंग बनवायचे आणि पुणे, बेळगाव, चेन्नईच्या कारखान्यांना पाठवायचे, हा तिचा धंदा. 31 मार्चला संध्याकाळी ऑडिटरचा माणूस स्टॉक मोजायला आला. कास्टिंग मोजून झाल्यावर तो गेटवर गेला आणि त्याने तीन गोष्टी लिहून घेतल्या: गेट रजिस्टरमधली शेवटची जावक नोंद, शेवटच्या गेटपासचा नंबर आणि शेवटच्या बिलाचा नंबर. बिलाचा नंबर होता 1187. मोजलेल्या ढिगांपैकी कोणता माल पाठवणीच्या जागेत बांधून ठेवला आहे, हेही त्याने टिपले. या कामाला पंधरा मिनिटे लागतात आणि पुढची सगळी तपासणी त्यावर उभी राहते.

मे महिन्यात ऑडिट सुरू झाले, तेव्हा मार्चच्या विक्रीची यादी 1193 नंबरावर संपत होती. नव्या आर्थिक वर्षात बिलांची मालिका पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे जुन्या मालिकेतली शेवटची सहा बिले 31 मार्चच्या संध्याकाळनंतर फाडलेली होती. त्यातली काही त्याच रात्री निघालेल्या ट्रकची असू शकतात. पण 1190 नंबरचे 42 लाखांचे बिल 31 मार्चच्या तारखेचे होते आणि त्याचा ट्रक गेट रजिस्टरप्रमाणे 2 एप्रिलला दुपारी सुटला होता. ट्रान्सपोर्टरच्या बिल्टीवर तारीख 31 मार्चचीच होती. बिल्टीचा नंबर मात्र 2 आणि 3 एप्रिलच्या बिल्ट्यांच्या मधोमध बसत होता. वजनकाट्याच्या पावतीवर छापलेली वेळही 2 एप्रिलची निघाली. तारीख हाताने लिहिता येते. दुसऱ्याच्या बिल्टीबुकातला क्रम मागे सरकवणे तेवढे सोपे नसते.

आता या 42 लाखांचा नफ्यावर काय परिणाम झाला, ते पाहण्यासारखे आहे. मालाचा उत्पादनखर्च 33 लाख धरू. ही विक्री मार्चमध्ये धरली आणि माल साठ्यातून वजा केला, तर नफा नऊ लाखांनी फुगतो. पण हाच माल 31 मार्चच्या मोजणीत साठा म्हणूनही धरलेला असेल, तर एकच कास्टिंग विक्रीतही आले आणि शिलकीतही राहिले. मग नफा फुगतो तो पूर्ण 42 लाखांनी. पाठवणीच्या जागेतला बांधलेला माल त्या दिवशी वेगळा टिपून ठेवायचा, तो याचसाठी. स्टॉकची मोजणी आणि विक्रीची तपासणी वेगवेगळ्या मुलांकडे देणाऱ्या ऑडिट फर्म नेमक्या इथे फसतात. दोघांचेही कागद आपापल्या जागी बरोबर असतात आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहायचे काम कोणाकडेच दिलेले नसते.

दुसरे बिल अधिक अवघड आहे, कारण त्यात कोणी लबाडी केलेली नाही. चेन्नईच्या ग्राहकासाठी 27 लाखांचा माल 30 मार्चला रात्री निघाला. बिल त्याच तारखेचे, गेटपास त्याच तारखेचा, ई-वे बिलही त्याच तारखेचे. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडते. पण खरेदी आदेशात अट आहे ‘एफओआर डेस्टिनेशन’ची, म्हणजे माल चेन्नईच्या गोदामात उतरेपर्यंत त्याची जोखीम फाउंड्रीची. ग्राहकाच्या शिक्क्याची पोहोच आहे 3 एप्रिलची. जीएसटी कायद्याप्रमाणे माल हलवताना किंवा त्याआधी बिल करावेच लागते, त्यामुळे 30 मार्चचे बिल कायद्याला धरूनच आहे. विक्री मात्र मालाचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर धरायची, असे इंड-एएस 115 सांगते. छोट्या कंपन्यांना लागू असलेले जुने लेखामानक 9 जोखीम आणि लाभ यांची भाषा बोलते, पण या उदाहरणात तेही तिथेच पोचते. ही विक्री एप्रिलची. 31 मार्चला हा माल रस्त्यावर असला, तरी तो फाउंड्रीच्या साठ्यात दिसायला हवा.

टॅलीसारख्या प्रणालीत जीएसटीचे बिल केले की विक्रीची नोंद आपोआप पडते. करासाठी योग्य असलेली तारीख अशा रीतीने हिशेबाचीही तारीख होऊन बसते. म्हणून पाठवणी आणि बिल यांच्या तारखा जुळल्या म्हणजे काम संपले, हा समज टाकून द्यायला हवा. खरेदी आदेशातली सुपुर्दगीची अट आधी वाचायची. माल फाउंड्रीच्या दारातच ग्राहकाचा होत असेल तर गेटची तारीख, आणि ग्राहकाच्या दारात होत असेल तर पोहोचेची तारीख बिलाशी ताडायची. किती दिवसांची बिले पाहायची, याचे उत्तरही यातच आहे. पुण्याचा ट्रक दुसऱ्या दिवशी रिकामा होतो, चेन्नईच्या ट्रकला तीन-चार दिवस लागतात. सरसकट ‘पाच दिवस आधी, पाच दिवस नंतर’ हा नियम दूर जाणाऱ्या मालासाठी अपुरा पडू शकतो.

तिसरा व्यवहार उलट्या दिशेचा आहे आणि तो विक्रीच्या यादीतून सुरुवात करणाऱ्याला कधीच सापडणार नाही. 29 मार्चच्या जावक नोंदीत बेळगावच्या ग्राहकाकडे गेलेला एक टेम्पो आहे. सोबत फक्त डिलिव्हरी चलन, शेरा ‘जॉबवर्क’. अकरा लाखांचा हा माल जॉबवर्कहून परत आल्याची नोंद मात्र कुठेच नाही. नव्या मालिकेत 2 एप्रिलला त्याच ग्राहकाच्या नावाने, तेवढ्याच नगांचे बिल आहे. मार्चची विक्री एप्रिलमध्ये ढकलली गेली. मालकाला कर एक वर्ष पुढे टाकायचा असेल किंवा यंदाचे उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे पुढच्या वर्षासाठी थोडी शिल्लक ठेवायची असेल, तर विक्री अशी लपते. वाढवलेली विक्री शोधायला बिलाकडून गेटकडे जायचे, दडवलेली शोधायला गेटकडून बिलाकडे. दोन्ही फेऱ्या माराव्याच लागतात. यातली दुसरी फेरी सहज राहून जाऊ शकते.

तिन्हींचा हिशेब केला तर 42 आणि 27 लाख जास्त धरले, 11 लाख कमी धरले, म्हणजे मार्चची विक्री निव्वळ 58 लाखांनी वाढलेली. साठ कोटींच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याच्याही आत आहे, म्हणून तो सोडून द्यावा असा मोह होईल. पण ही तीन बिले नमुन्यातली आहेत. एक खोट्या तारखेचे बिल सापडले, की त्याच्या पुढेमागे असलेली सगळी मोठी बिले पाहावी लागतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये निघालेल्या क्रेडिट नोटाही चाळाव्या लागतात, कारण मार्चअखेर ग्राहकाच्या गळ्यात मारलेला माल बहुतेकदा याच वाटेने परततो.

‘बिल पाठवा, माल तुमच्याकडेच राहू द्या’ असे ग्राहकानेच सांगितले होते, असा खुलासा अशा वेळी हमखास येतो. तो खराही असू शकतो. पण त्यासाठी मानकाच्या अटी आहेत: ग्राहकाला तसे हवे असण्याचे खरे कारण पाहिजे, माल त्याच्या नावाने वेगळा ठेवलेला व पाठवायला तयार पाहिजे आणि तो दुसऱ्याला देण्याची मुभा कंपनीला नसली पाहिजे. अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने 1997 साली उन्हाळ्यात वापरायच्या बार्बेक्यू शेगड्या मोठी सवलत देऊन अवेळी ‘विकल्या’ आणि गोदामातच ठेवल्या. पुढे त्या वर्षाचे हिशेब दुरुस्त करून पुन्हा मांडावे लागले.

भारतातल्या ऑडिटरच्या हाती आज कंपनीच्या घड्याळावर न चालणारे पुरावे आले आहेत. ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये वाहनाचा नंबर भरल्याशिवाय रस्तामार्गे माल हलवण्यासाठी ते ग्राह्य होत नाही आणि तो कधी भरला, याची वेळ सरकारी पोर्टलवर राहते. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्यावर बिलाची तारीख वेगळी आणि पोर्टलने पावती दिल्याची तारीख वेगळी असते. 31 मार्चचे बिल पोर्टलवर 8 एप्रिलला चढले असेल, तर ते का, हे विचारलेच पाहिजे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद ठेवणेही सक्तीचे आहे, त्यामुळे मागल्या तारखेने केलेली नोंद प्रत्यक्षात कधी टाइप झाली, तेही दिसते. या पुराव्यांनाही मर्यादा आहेत. ई-वे बिल काढूनही ट्रक आवारातच उभा राहू शकतो आणि माल कुठे उतरला हे पोर्टल सांगत नाही. गेट रजिस्टर आणि ग्राहकाची पोहोच यांची गरज त्यामुळे संपलेली नाही.

एवढे सगळे उपलब्ध असताना दहा बिलांच्या जुन्या कागदावर सही करणाऱ्या ऑडिटरला आता सबब उरलेली नाही. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या याद्या त्याने ऑडिट होणाऱ्या कंपनीकडून तयार एक्सेलमध्ये न घेता, तिच्या लॉगिनमधून स्वतःच्या डोळ्यांसमोर उतरवून घ्याव्यात. कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांनीही जूनच्या बैठकीत ऑडिटरला दोनच गोष्टी मागाव्यात: 31 मार्चच्या रात्री टिपलेला शेवटच्या बिलाचा नंबर, आणि एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांच्या जावक नोंदींपुढे लावलेल्या बिलांच्या तारखा. या दोन्ही देता आल्या नाहीत, तर कट-ऑफची तपासणी झालेली नाही असे समजून ताळेबंद सहीसाठी पुढे पाठवू नये.