सर्टिफिकेट कुणाचं बघतात? बाईंचं की पोरांचं?

दर जूनला आमच्या साप्ताहिकात क्लासच्या जाहिराती येतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी जाहिरात दिली. नावापुढे ठळक अक्षरात ‘संगीत विशारद’. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून एकेक पायरी चढत त्यांनी दिलेल्या. विद्यार्थी आले चार.

फोन मात्र बरेच आले होते. विशारद म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "परीक्षेला बसवता का? दहावीला मार्क मिळतात ना?"

पुढच्या जूनला बाईंनी जाहिरात बदलली. ‘प्रारंभिक ते मध्यमा, परीक्षेची तयारी’. एकोणीस जण आले. बाई त्याच, गळा तोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. शिक्षकाचं सर्टिफिकेट शाळेतल्या नोकरीला उपयोगी पडतं, पण खासगी क्लासला गिऱ्हाईक आणतं ते विद्यार्थ्याला मिळणारं सर्टिफिकेट. यात बाईंचा दोष नाही, घर चालवायचं असतं.

पण पालकांचा हिशेब बऱ्याचदा चुकतो. वाढीव गुण एका प्रारंभिकवर मिळत नाहीत. ठरलेल्या संख्येने परीक्षा पास व्हाव्या लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. परीक्षेची सत्रं वर्षातून दोनच. नववीत पेटी घेऊन दिली तर पोरगं पोचणार कधी?

मग घाई सुरू होते. भूप, दुर्गा अशा नेमलेल्या रागांच्या बंदिशी वहीत उतरवायच्या, ताना पाठ करायच्या, परीक्षकासमोर ओकायच्या. पुढच्या सत्राला मागचं विसरलेलं. बाईच परवा म्हणाल्या, "दादा, दहावी झाली की निम्मी पोरं दिसत नाहीत."

याच गावात एक बुवा आहेत. एकही परीक्षा दिलेली नाही, बोर्डही नाही. देवळात गुरुवारी भजनाला बसतात, ऐकून लोक पोरांना पाठवतात. त्यांच्याकडे बाराच जण, पण काहीजण सहा-सहा वर्षं टिकलेत. फी मात्र बाईंच्या निम्मी, हेही खरं.

परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. क्रमाने शिकायची शिस्त त्यातूनच लागते. पण पालकांनो, सर्टिफिकेट फ्रेम करायच्या आधी एक करून बघा. पेटी बंद करा, मोबाईलवर नुसता तानपुरा लावा आणि पोराला पास झालेल्या रागातली बंदिश म्हणायला सांगा. सुरात राहिलं, मनाने चार स्वर फिरवून समेवर आलं, तर शिक्षक चांगले आहेत. पेटीशिवाय पहिल्याच ओळीत घसरलं, तर तुम्ही मार्कांची फी भरताय, गाण्याची नाही.

तुमच्या गावात काय चित्र आहे? लिहा.