घरकर्जावर सरकारचे १ लाख ८० हजार : पैसे खात्यात येतात, मग हप्ता कमी का होत नाही?

जळगाव किंवा धुळ्यात फ्लॅट बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सबसिडी मिळेल ना, काळजी कशाला करता?" सबसिडी मिळते हे खरं आहे. पण ती हातात मिळत नाही, बचत खात्यात जमा होत नाही आणि एका दमात तर अजिबात येत नाही. ती थेट कर्जाच्या खात्यात जमा होते. त्यामुळे मोबाईलवर मेसेज आला तरी नक्की फायदा काय झाला, हे अनेकांना कळत नाही.

त्यात एक अट अशी आहे की कर्ज लवकर फेडण्याच्या नादात हक्काचे हजारो रुपये हातचे जाऊ शकतात. हे सगळं नेमकं कसं चालतं, ते एका उदाहरणातून समजून घेऊया.

आधी २.६७ लाखांचा गोंधळ दूर करूया

सबसिडी म्हटलं की अजूनही २ लाख ६७ हजारांचा आकडा सांगितला जातो. तो आकडा खोटा नाही, पण जुना आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) व्याज अनुदानात ६ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त २,६७,२८० रुपये मिळत होते, तेही एकरकमी. या गटासाठी ते अनुदान ३१ मार्च २०२२ ला बंद झालं.

आत्ता चालू आहे ती योजना २.०. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती पाच वर्षांसाठी लागू झाली. तिचे नियम वेगळे आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवं, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. पती, पत्नी किंवा अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. योजना शहरी असल्याने घर जळगाव, धुळे महापालिकेच्या किंवा भुसावळ, अमळनेर, शिरपूरसारख्या नगरपालिकेच्या हद्दीत येतं का, हे आधी पाहावं लागतं.

अनुदान किती? कर्ज कितीही असलं तरी पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १२ वर्षांसाठी, ४ टक्के या दराने हिशोब होतो. त्यातून कमाल १ लाख ८० हजार रुपये मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे पूर्ण लाभ मिळणाऱ्याला वर्षाला ३६ हजार.

पैसे जमा झाले की खात्यात काय होतं?

समजा, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका सुपरवायझरने २२ लाखांचा फ्लॅट घेतला. बँकेकडून १६ लाखांचं कर्ज काढलं, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता बसतो १३,८८५ रुपये.

पहिल्या वर्षी हे कुटुंब बँकेला १ लाख ६६ हजारांहून जास्त रक्कम भरतं. पण वर्षअखेर स्टेटमेंट काढलं तर शिल्लक कर्ज दिसतं साधारण १५ लाख ६८ हजार. बारा हप्ते भरून मुद्दल कमी झालं फक्त ३२ हजारांच्या आसपास. बाकीचे सगळे पैसे व्याजात गेले. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक घरकर्जाचं असंच असतं, कारण व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि तेव्हा मुद्दल सगळ्यात जास्त असतं.

आता अनुदानाचा पहिला ३६ हजारांचा हप्ता आला असं धरूया. या पैशातून व्याजाचा वाटा कापला जात नाही, पूर्ण रक्कम मुद्दलातून वजा होते. शिल्लक १५ लाख ६८ हजारांवरून १५ लाख ३२ हजारांवर येते. कुटुंबाने वर्षभर हप्ते भरून जेवढं मुद्दल फेडलं, त्याहून जास्त या एका नोंदीने कमी झालं.

पुढच्या महिन्यात काय बदलतं? हप्ता तोच, १३,८८५. पण त्यातला व्याजाचा भाग सुमारे ११,१०८ वरून १०,८५३ वर येतो. हे वाचलेले २५५ रुपये मुद्दलात जातात. रक्कम छोटी वाटते, पण ती दर महिन्याला वाचते आणि हळूहळू वाढत जाते.

हप्ता कमी करायचा की वर्षं?

मेसेज येऊनही हप्ता तसाच राहण्याचं कारण इथे आहे. मुद्दल कमी झालं की पुढे दोन वाटा असतात. एक, हप्ता तोच ठेवून कर्ज लवकर संपवणं. दोन, मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेणं. तुमच्या बँकेने यातली कोणती वाट धरली आहे, ते विचारून घ्यावं लागतं.

वरच्याच उदाहरणात, दरवर्षी एक असे पाचही हप्ते वेळेवर आले आणि व्याजदर तोच राहिला असं धरू. ईएमआय तसाच ठेवला तर कर्ज २० वर्षांऐवजी साधारण १६ वर्षं २ महिन्यांत संपतं. जवळपास ४६ हप्ते वाचतात. कुटुंबाच्या खिशातून सुमारे साडेसहा लाख रुपये कमी जातात. त्यातले १ लाख ८० हजार सरकारचे, उरलेलं वाचलेलं व्याज.

दुसरी वाट धरली तर पाचव्या हप्त्यानंतर ईएमआय सुमारे १२,२०० वर येतो. दर महिन्याला साधारण १,६८० रुपये हातात राहतात. पण पूर्ण मुदतीत खिशातून कमी जाणारी रक्कम ३ लाख ४० हजारांच्या आसपास राहते.

ज्यांच्या घरात महिनाअखेर ओढाताण असते, त्यांना दुसरी वाट सोयीची. ज्यांना आजचा हप्ता झेपतोय, त्यांना पहिल्या वाटेत जवळपास दुप्पट फायदा आहे.

खरी मेख : निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं

आता ती अट. अनुदानाचा प्रत्येक हप्ता सोडताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. कर्जखातं चालू आहे का, आणि मुद्दलाच्या ५० टक्क्यांहून जास्त रक्कम अजून बाकी आहे का. १६ लाखांच्या कर्जाला ही रेषा ८ लाखांवर येते.

नुसते ईएमआय भरणारा माणूस पाच वर्षांत या रेषेजवळही जात नाही. वरच्या उदाहरणात पाचही हप्ते जमा झाल्यावर सुमारे १२ लाख बाकी असतात. अडचण होते ती मध्येच मोठी रक्कम भरल्यावर. आणि खान्देशात तर शेतातला वाटा विकला, कापसाचे पैसे आले की "आधी कर्ज उतरवा" हा घरच्यांचा पहिला सल्ला असतो.

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या एका कुटुंबाचं कर्ज अगदी असंच आहे असं समजा. तीन वर्षांत अनुदानाचे तीन हप्ते आले आणि बाकी राहिली सुमारे १३ लाख ७८ हजार. तेवढ्यात वडिलोपार्जित जमिनीचे ६ लाख आले आणि त्यांनी ते सगळे कर्जात भरले. बाकी उरली ७ लाख ७८ हजार. रेषेच्या खाली. चौथा आणि पाचवा, असे मिळून ७२ हजार गेले.

बरं, ६ ऐवजी ४ लाख भरले असते तर? चौथा हप्ता मिळाला असता, कारण तेव्हा ८ लाख ९१ हजार बाकी असते. पण पुढच्या वर्षभरात ईएमआयमुळे बाकी ७ लाख ५७ हजारांपर्यंत उतरते. पाचवा हप्ता पुन्हा हुकतो. साडेतीन लाख भरले असते तर मात्र पाचव्या हप्त्याच्या वेळी ८ लाख १६ हजार बाकी राहिले असते आणि दोन्ही हप्ते मिळाले असते.

उरलेले अडीच लाख दोन वर्षं थांबवून ठेवल्याचं नुकसान किती? त्यावर साधारण ४६ हजारांचं जास्तीचं व्याज. आणि हातचे राहिले ७२ हजार. शिवाय अडीच लाख मुदत ठेवीत ठेवले तर त्याचं व्याज वेगळं. पाचवा हप्ता जमा झाल्यावर ती रक्कम खुशाल कर्जात भरता येते.

ज्यांचं कर्ज छोटं आणि मुदत कमी आहे, त्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायला हवं. तिथे मुद्दल मुळातच लवकर उतरतं आणि अनुदानाचे ३६ हजारही बाकी रेषेकडे ढकलतात.

पैसे नीट जमा झाले, हे कसं ओळखायचं?

अनुदान केंद्राकडून राष्ट्रीय आवास बँक, हुडको किंवा स्टेट बँक या नोडल संस्थांमार्फत येतं आणि तुमच्या कर्जखात्यात जमा होतं. त्यामुळे बचत खात्याचं पासबुक पाहून उपयोग नाही. कर्जखात्याचं स्टेटमेंट मागा आणि तीन ठिकाणी नजर टाका.

पहिली, जमा रकमेची तारीख. ३६ हजारांवर साडेआठ टक्क्यांनी दिवसाला सुमारे ८ रुपये ४० पैसे व्याज होतं. नोंद महिनाभर उशिरा झाली तर अडीचशे रुपये तुमचे गेले.

दुसरी, त्या दिवसाआधीची आणि नंतरची शिल्लक. फरक पूर्ण ३६ हजारांचा दिसायला हवा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पुढच्या महिन्याचं व्याज. ते कमी झालं नसेल, तर रक्कम मुद्दलातून वजा न होता पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून ठेवली गेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी शाखेत लेखी अर्ज देऊन ती मुद्दलात वळती करून घ्या आणि अर्जाची पोच घ्या.

आणि अनुदान येणार म्हणून ईएमआय थांबवू नका. हा पैसा हप्त्याच्या बदल्यात येत नाही. हप्ते थकले आणि खातं बुडीत गेलं, तर पुढच्या अनुदानाचा पायाच निघून जातो.

मोठी रक्कम भरायला बँकेत जाण्याआधी एवढंच करा : आजची मुद्दल बाकी, अनुदानाचे किती हप्ते आले आणि पुढचा कधी अपेक्षित आहे, हे कागदावर लिहा. भरल्यानंतर बाकी निम्म्याच्या वर राहते का, ते आजच्या तारखेला पाहून भागणार नाही. शेवटच्या अनुदानाच्या तारखेला ती किती असेल, ते पाहा.