आमचं धान जंगलाच्या खात्यात



गडचिरोली जिल्ह्यात शंभरातली 76 एकर जमीन जंगल आहे, असं सरकारी नोंद सांगते. उपग्रहावरून मोजणारे 70 च्या आसपास सांगतात. जिल्हा तोच, 14 हजार 400 चौरस किलोमीटरचा. मग मधली सहा एकर गेली कुठं? पूर्ण जिल्ह्याचा हिशोब केला तर ही जमीन 85 हजार हेक्टरच्या आसपास भरते!

वनखातं झाडं मोजत नाही, कागद मोजते. जी जमीन कधीकाळी जंगल म्हणून लिहिली ती जंगलच. मग तिथं साग असो, खडक असो की आमच्या आजानं बांधलेली धानाची बांदी असो. उपग्रह कागद पाहत नाही, झाडाची सावली पाहतो. एक हेक्टर जागेत शंभरातले दहा भाग सावली असली की त्याच्या लेखी ते जंगल, मग ती कोणाची आमराई का असेना. म्हणून मधली सगळी जमीन आमची शेती आहे असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हटलं तर साहेब लोक आपल्याला एका मिनिटात खोटं पाडतील.

पण आमची शेती त्यात आहे, आणि ती दिसत नाही, ती अशी. पेरणीचा आकडा पीक पाहणीतून वर जातो. पीक पाहणी सातबाऱ्यावर होते. जबरानजोतीला सातबारा नाही, म्हणून तिथं पीक पाहणी होत नाही. समजा एका घराची चार एकर जमीन आहे. एक एकर सातबाऱ्यावर, तीन एकर जंगलाच्या कंपार्टमेंटात. धान चारही एकरांत पिकते. तालुक्याच्या तक्त्यात मात्र एक एकर शेती आणि तीन एकर जंगल! त्याच माणसाला खरेदी केंद्रावर विचारतात, एका एकरात एवढं धान कुठून आणलं? चोर ठरतो तो, तक्ता नाही.

टोल्याचंही तेच. घरं जंगलाच्या नोंदीत असली की वस्तीच्या आकड्यात येत नाहीत. आणि "बिगरशेती" म्हणून जो आकडा छापतात, त्यात घरांसोबत रस्ते, नद्या, कालवे सगळं एकत्र असते. त्यावरून माणसं किती जागेत राहतात, हे कोणाला समजणार?

आता दावे तपासताना म्हणतात, उपग्रहाच्या नकाशात तुमचं शेत दिसत नाही. बांदीत मोह, येन ठेवले की वरून ती विरळ जंगलासारखी दिसते. झाडं राखली त्याची ही शिक्षा! वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड आहे, त्याची जागा घेणारं नाही. म्हाताऱ्यांचा जबाब, जुनी दंडाची पावती, बांध, विहीर, हे पुरावेच आहेत. नुसत्या नकाशावर दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा.

या खरीपात प्रत्येक ग्रामसभेनं स्वतःची वही करावी : कंपार्टमेंट नंबर, कसणाऱ्याचं नाव, किती एकर, कोणतं पीक, कधीपासून. ठराव घेऊन एक प्रत तलाठ्याला, एक तहसीलला द्यावी. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.